हिरव्यावर लाल काठ

नवरात्रातला शुक्रवार उजाडला की साताऱ्यातल्या बँकांत, शाळांच्या स्टाफरूममध्ये, सरकारी कचेऱ्यांच्या पायऱ्यांवर हिरव्या साड्यांची रांग उभी राहते आणि दुपारच्या आत ते फोटो मोबाइलवर यायला लागतात. रंग वारानुसार ठरलेले असतात. सोमवारी पांढरा, मंगळवारी लाल, बुधवारी निळा, गुरुवारी पिवळा, शुक्रवारी हिरवा, शनिवारी राखाडी, रविवारी केशरी, आणि उरलेल्या दोन दिवसांना गुलाबी, जांभळा किंवा मोरपिशी. त्या दिवशी सगळ्या बायका एकाच रंगात असतात असं आपण सहज म्हणतो. पण फोटो जरा मोठा करून बघावा. पहिल्या ओळीत डाव्या टोकाची पोपटी नेसलेली आहे, तिच्या शेजारी बाटलीहिरवी, मग मेहंदी, मागच्या ओळीत पिस्ता, आणि अगदी उजवीकडे रामा, म्हणजे निळ्याच्या उंबऱ्यावर उभा असलेला हिरवा. रंग एक ठरला होता आणि जमले पाच.

मी हे फोटो सांगलीच्या मावशीला वाचून दाखवते. वाचून म्हणजे फोनवर वर्णन करून. काचबिंदूने तिची नजर गेली त्याला आता बराच काळ झाला. त्याआधी तिने कापड पेठेतल्या घरच्या दुकानात साड्या दाखवण्यात आयुष्य घालवलं होतं. तिच्या डोळ्यांपुढून गेलेल्या साड्यांचे रंग तिच्या मनात अजून जागच्या जागी आहेत, फक्त त्यांना हाक मारणारा नेमका शब्द हवा. "छान दिसतायत सगळ्या" असं म्हटलं की ती म्हणते, "अगं, छान ते मला ठाऊक आहे. हिरवा कुठला ते सांग. काठ कुठला ते सांग."

तिला सांगता सांगता माझी फोटो बघायची एक रीत पडत गेली. शाळेत एलिमेंटरी-इंटरमीजिएटच्या परीक्षांसाठी आपण रंगचक्र रंगवतो, ते डोळ्यांपुढे ठेवायचं. लाल, नारिंगी, पिवळा, हिरवा, निळा, जांभळा आणि फिरून लाल, मध्ये प्रत्येक जोडीचं मिश्रण, अशी बारा घरं. कपड्यांत एकाच घराचे गडद-फिके रंग असतील तर ती संगती एकरंगी, हल्ली ज्याला टोनल म्हणतात. लागून असलेल्या तीन-चार घरांचे असतील तर शेजाररंगांची, म्हणजे अॅनालॉगस. समोरासमोरच्या घरांचे असतील तर विरोधी, म्हणजे कॉम्प्लिमेंटरी. आणि जिथे कुठल्याच घराचा दावा चालत नाही, पांढरा, काळा, राखाडी, मातकट, ती तटस्थ किंवा न्यूट्रल. एवढंच. ही नावं रंगांची नाहीत, रंगांमधल्या नात्यांची आहेत, त्यामुळे एकाच साडीला शेजारच्या ब्लाउजप्रमाणे वेगळं नाव लागू शकतं.

त्या शुक्रवारच्या फोटोला मावशीने आधी एकरंगी मानलं होतं. मी तिला साड्या एकेक करून सांगितल्या. बाटलीहिरव्यात पांढरा मिसळत गेलं तर फिका हिरवा येईल, राखाडी मिसळला तर तो मळेल, काळा मिसळला तर आणखी खोल जाईल. पण पोपटी काही केल्या येणार नाही. त्यासाठी पिवळा ओतावा लागेल. रामासाठी निळा ओतावा लागेल. एकरंगी संगतीची माझी कसोटी हीच आहे: एका कपड्याच्या रंगापासून दुसऱ्याच्या रंगापर्यंत फक्त पांढरा, काळा, राखाडी घेऊन पोचता येतं का? पोचता आलं तर एकरंगी. वाटेत दुसरा रंग उसना घ्यावा लागला तर घर बदललं. त्या हिशेबाने अख्खा फोटो शेजाररंगांचा ठरला, पिवळटाकडून निळसराकडे सरकत जाणारा. पण त्यातली मधली बाई मात्र पुरी एकरंगी होती: गर्द बाटलीहिरवी साडी, चमक नसलेली, सुती असावी, त्याच रंगाचा पण दोन पायऱ्या फिका काठ, आणि ब्लाउज काठाहूनही फिका. "मग ती उठून दिसत असेल," मावशी म्हणाली. दिसत होतीच. एकाच रंगात राहून गडद-फिक्याच्या पायऱ्या स्पष्ट ठेवल्या होत्या म्हणून. साडी-ब्लाउज अगदी तंतोतंत मॅचिंग असलं की फोटोत त्या पायऱ्या मिटतात, पदर कुठे संपला आणि बाही कुठे सुरू झाली ते कळत नाही, सगळा एकच डाग होतो.

रंगाबद्दल बोलताना तीन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या लागतात. तो कुठल्या घरचा, किती उजळ किंवा गडद, आणि किती झळझळीत किंवा मळलेला. नुसतं जांभळा म्हटलं तर यातली पहिलीच गोष्ट कळते. मावशीच्या दुकानातले शब्द तिन्ही एका दमात सांगतात. अंजिरी म्हणजे जांभळ्या-तांबड्यामधला, गडद, मळलेला. राणी म्हणजे गुलाबी, मध्यम, पण झळझळीत. अबोली म्हणजे नारिंगीकडे झुकलेला गुलाबी, उजळ आणि मंद. आमसुली, डाळिंबी, विटकरी, चिंतामणी, मोतिया, बदामी. गिऱ्हाइकाने "तसला नको, जरा आमसुलीकडे जाणारा दाखवा" म्हटलं की मावशीचा हात न चुकता योग्य घडीवर जायचा. मी तिला फोटो सांगताना हेच शब्द वापरते, आणि जिथे शंका असेल तिथे झुकलेला दिसतो म्हणते: लालकडे झुकलेला तपकिरी, निळ्याकडे झुकलेला राखाडी. झुकाव सांगितला की तिला उरलेलं दिसतं.

हळदीच्या फोटोंनी मात्र आम्हा दोघींना बराच वेळ अडवलं होतं. सांगली हे हळदीचं गाव. इथल्या बाजारातून हळद देशभर जाते आणि 2018 मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळालं. त्यामुळे लग्नाच्या आदल्या दिवशीच्या हळदीला इथल्या घरांत एक जास्तीचा उत्साह असतो असं मला नेहमी वाटतं. नात्यातल्या एका मुलीच्या हळदीचे फोटो आले. नवरी हळदीपिवळ्या साडीत, तिची काकू आंब्याच्या रंगाची, करवली केशरी, एक लहान मुलगी पोपटी परकरात, मागे झेंडूच्या माळा. पोपटी, पिवळा, आंबा, केशरी: चक्रावरची लागून असलेली चार घरं, मध्ये खंड नाही. शेजाररंगांच्या संगतीचं याहून चोख उदाहरण मिळणार नाही. अशा फोटोत नजर कुठे ठेचकाळत नाही, एका बाईवरून दुसरीवर घरंगळत जाते. एखादी पाहुणी डाळिंबी नेसून मध्ये उभी राहिली असती तर चक्राचा अर्ध्याच्या आसपास भाग व्यापला गेला असता आणि शेजार संपला असता. तीन घरं निश्चित, चार चालतात, त्यापुढे दुसरं नाव शोधावं, असं मी धरते.

अडचण झाली ती दोन फोनांमुळे. एकाच क्षणाचे, एकाच कोनातून दोन भावांनी काढलेले दोन फोटो. एकात नवरीची साडी लिंबाच्या सालीसारखी, दुसऱ्यात पिकल्या हापूससारखी. मावशीने विचारलं, "मग नेसली होती ती कुठली?" यावर उपाय असा की फोटोत एक वस्तू शोधायची, जी पांढरी आहे हे आपल्याला आधीच माहीत आहे. इथे पाटाशेजारी एक टॉवेल होता. पहिल्या फोटोत तो निळसर दिसत होता, दुसऱ्यात लोण्याच्या रंगाचा. मांडवाचं कापड पिवळं होतं, त्यातून गाळून येणारा उजेड पिवळा होता, साड्या पिवळ्या, फुलं पिवळी. पहिल्या फोनने एवढा पिवळा बघून उजेडच बिघडलाय असा निष्कर्ष काढला आणि सगळ्या चित्रातून पिवळा उपसून टाकला, म्हणून टॉवेल निळा पडला आणि साडी लिंबू झाली. दुसऱ्याने तो तसाच राहू दिला, म्हणून मांडवाचा पिवळाही साडीच्या खात्यात जमा झाला. खरी साडी दोन्हींच्या मध्ये कुठेतरी. मी मावशीला तसंच सांगितलं: साडी हळदीपिवळी, एका फोटोत लिंबाकडे ओढलेली, दुसऱ्यात आंब्याकडे. तिला ते पटलं. ती म्हणाली, "ट्यूबखाली आम्ही साडी विकतच नव्हतो. बाई म्हणायची, जरा उजेडात नेऊन बघते. आम्ही म्हणायचो, न्या." दुकानाच्या पायरीवर, दिवसाच्या उजेडात, दोन्ही हातांत पदर धरून उभी असलेली बाई मला आठवते. फोटो बघणाऱ्याला ती पायरी मिळत नाही, टॉवेलावर भागवावं लागतं.

त्याच फोटोत नवरीच्या हनुवटीखाली पिवळी झाक होती. ती हळदीची नव्हती, अजून हळद लागायची होती. साडीवरून उडालेला उजेड होता तो. लाल शालूत हीच जागा तांबूस होते, हिरव्यात आजाऱ्यासारखी फिकट. कातडीचा रंग म्हणून ते मोजायचं नसतं.

आता ज्या संगतीसाठी मी हे सगळं लिहायला बसले, तिच्याकडे येते. विरोधी रंगांविषयी आपल्याकडे बोलताना जरा जपूनच बोललं जातं. भडक, गावठी, अंगावर येणारं असे शब्द येतात. आणि तरीही सातारा-सांगलीच्या खेड्यांत पिढ्यान्‌पिढ्या रोजच्या नेसणीत जे दिसत आलं ते इरकल. बागलकोटकडच्या इळकल गावचं लुगडं, अंग बहुधा गडद, हिरवं, निळं किंवा काळ्याकडे झुकलेलं, आणि काठ-पदर तांबड्या रेशमाचा, पदरावर पांढऱ्या आकृत्यांच्या ओळी. त्यातली गर्द हिरवी, लाल काठाची जी असते ती चक्रावर अगदी समोरासमोरची जोडी आहे. शेतात वाकलेली बाई, बाजारात वाटे मांडून बसलेली बाई, एसटीची वाट बघणारी बाई, सगळ्या विरोधी संगतीत. आणि त्यांतली कुणीही अंगावर येत नाही. हे कसं होतं?

याचं उत्तर मला आजीच्या एका कृष्णधवल फोटोने दिलं. साताऱ्याच्या स्टुडिओत काढलेला, मागे रंगवलेला पडदा, बाजूला उंच तिवई. आजीने नेसलेलं हिरवं लुगडं अजून ट्रंकेत आहे, त्याचा लाल काठ चार बोटं रुंद आहे. फोटोत तो काठ नाहीच. पोटऱ्यांपासून खांद्यापर्यंत एकच सलग राखाडी. फोटो जुना म्हणून काठ उडाला असं घरात सगळे समजत होते. पण तो उडालेला नाही. लाल आणि हिरवा दोन्ही सारखेच गडद होते, आणि ती फिल्म सगळे रंग जवळजवळ आपल्या डोळ्यांप्रमाणेच गडद-फिक्यात उतरवणारी असावी, त्यामुळे दोघांची राखाडी एकच आली. त्याहून जुन्या प्लेटांना तांबडा रंग टिपताच येत नसे; त्यांच्यात हाच काठ काळाभोर उमटला असता.

म्हणजे इरकलमध्ये रंग एकमेकांच्या विरुद्ध आहेत, पण गडदपणात ते भांडत नाहीत. दोघेही खोल, दोघेही किंचित मळलेले. विरोध एकाच बाबतीत आहे. आता हे दोन्ही रंग झळझळीत करून पाहा, पोपटासारखा हिरवा आणि मिरचीसारखा लाल, गडदपणा तेवढाच सारखा ठेवून, आणि निम्मं-निम्मं वाटून द्या. जिथे ते भेटतात ती रेघ फोटोत थरथरायला लागेल, डोळा तिथे ठरणार नाही. विरोधी संगती जिथे बिघडते तिथे बहुतेक वेळा हेच झालेलं असतं: दोघेही तेजात, दोघेही सारख्याच मापाचे, मध्ये कुणी नाही. इरकलला काठ अंगाच्या मानाने अरुंद असतो, आणि अंग व काठ भेटतात तिथे पिवळ्या-पांढऱ्या धाग्यांच्या बारीक रेघा असतात. पैठणीत हे काम जर करते. जरीचं सोनेरी हे रंगात मोजायचं नसतं, ते दोन विरोधकांच्या मध्ये बसलेलं वडीलधारं माणूस असतं.

फोनवर हे तपासायला सोपं आहे. रंगीत फोटो काळा-पांढरा करायचा. काठ उरला तर रंगाबरोबर गडद-फिक्याचाही फरक आहे, आणि माणूस लांबूनसुद्धा उठून दिसेल. काठ विरघळला तर सगळा विरोध केवळ रंगांचा. मावशीला मी आता दोन्ही सांगते: "विरोधी आहे, पण गडदपणा सारखा," किंवा "विरोधी आहे, आणि काठ फारच उजळ." दुसरं ऐकलं की तिच्या कपाळावर बारीक आठी पडत असणार, फोनवरसुद्धा मला ती कळते.

रंग शेजाऱ्यामुळे बदलतो ही गोष्ट पॅरिसमध्ये शेव्ह्रल नावाच्या रसायनशास्त्रज्ञाला कापडाच्याच निमित्ताने सापडली. गोब्लाँच्या सरकारी विणकामशाळेत तो रंगाई विभागाचा प्रमुख होता. तिथल्या काळ्या रंगाबद्दल तक्रार आली, काळा पुरेसा काळा दिसत नाही म्हणून. त्याने तपासलं तर रंगाईत खोट नव्हती; तो काळा धागा निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला जात होता आणि शेजाऱ्यांमुळे फिका पडत होता. त्यावर त्याने 1839 मध्ये मोठा ग्रंथ लिहिला. समोरासमोरचे रंग शेजारी आले की एकमेकांना अधिक तेज देतात, हे त्यात त्याने नीट मांडलं. ही हकिकत सांगितली तेव्हा मावशीला नवल वाटलं नाही. साड्यांच्या दुकानातली गादी पांढऱ्या चादरीची का असते हे तिला माहीत होतं. लाल गादीवर टाकली तर हिरवी साडी जास्तच हिरवी दिसते, गिऱ्हाईक भुलतं, आणि घरी जाऊन बघतं तेव्हा साडी निराळीच वाटते. पांढऱ्यावर टाकलेली साडी घरीही तीच राहते. फोटोचं वर्णन करताना मागची भिंत मी म्हणूनच सांगते. हिरव्या भिंतीपुढची राखाडी साडी किंचित तांबूस दिसते, आणि ती तांबूस नसते.

एकदा भाच्याने त्याच्या फोनमधल्या एका अॅपवर लाल रंग ठेवून समोरचा रंग मागितला. हिरवा येईल असं मला वाटलं होतं, आला तो आकाशीकडचा मोरपिशी. त्याचं चक्र निराळं होतं. आपलं शाळेतलं चक्र रंग कालवणाऱ्याचं आहे, लाल-पिवळा-निळा या तिघांवर उभं. त्यात लालसमोर हिरवा, पिवळ्यासमोर जांभळा, निळ्यासमोर नारिंगी. पडद्याचं चक्र उजेडाचं आहे, लाल-हिरवा-निळा या तिघांवर उभं. त्यात लालसमोर मोरपिशी-आकाशी आणि पिवळ्यासमोर निळा. दोन्ही आपापल्या जागी बरोबर आहेत. कपडे बघणारा डोळा शाळेच्या चक्रावर वाढलेला असतो म्हणून मी तेच धरते, पण नुसतं विरोधी म्हणून थांबत नाही, जोडी सांगते: हिरव्यावर लाल, जांभळ्यावर हळदी. जोडी ऐकली की चक्र कुठलं याने फरक पडत नाही.

विरोधी रंगांचा आणखी एक खेळ आहे, तो धूपछाव साडीत. ताणा लाल, बाणा हिरवा. लांबून दोन्ही धागे डोळ्यात मिसळतात आणि एकमेकांचं तेज मारून टाकतात, उरतो तो एक मातकट, तपकिरी रंग. तेव्हा ती साडी तटस्थ वाटते. बाई वळली, निऱ्यांवर तिरका उजेड पडला की एका कडेला लाल पेटतो आणि दुसऱ्या कडेला हिरवा. फोटो यातला एकच क्षण धरतो. सभागृहात मागच्या रांगेतून काढलेल्या फोटोत मी तिला तपकिरी म्हणेन आणि ते फोटोपुरतं खरंच असेल. जवळून काढलेल्या फोटोत निऱ्या बघाव्यात: उंच भागावर एक रंग आणि खोलगट भागात दुसऱ्याच घरचा रंग दिसला तर ती धूपछाव. साध्या साडीच्या निरीत सावली पडते तेव्हा तोच रंग गडद होतो, घर बदलत नाही. मावशी अशा साडीचं नाव घेताना आवाज जरा खाली आणते. तिची स्वतःची एक होती, जांभळ्या-सोनेरीची, ती कुणाला दिली हे ती सांगत नाही.

तटस्थ रंगांकडे मी उशिरा वळले. तिथे सांगण्यासारखं काही नसतं असा समज असतो. आषाढी वारीत ज्ञानेश्वर माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून सातारा जिल्ह्यात येते, लोणंदला थांबते, पुढे चांदोबाच्या लिंबाजवळ पहिलं उभं रिंगण होतं, मग तरडगाव, फलटण. त्या वाटेवरचा एक फोटो मावशीला सांगायचा होता. धोतर, सदरे, टोप्या, सगळं पांढरं. वर थोडी भगवी पताका, कपाळावर काळा बुक्का, गळ्यात तुळशीच्या माळेचा तपकिरी. एका वाक्यात सांगायचं तर तटस्थ संगती, एक केशरी ठिपका. पण पांढरा एक नव्हता. नवीन धोतर दुधासारखं, थंड पांढरं. अनेक वाऱ्या केलेला सदरा मलईकडे गेलेला, काखेपाशी पिवळट. चिखल उडालेली धोतराची कड तांबूस, कारण माती तांबूस. आणि पुढच्या म्हाताऱ्याची टोपी स्पष्ट निळसर. तटस्थ रंगांतही उबदार आणि थंड अशा दोन बाजू असतात, आणि त्या शेजारी आल्या की पांढऱ्यावर पांढरा असूनही थर दिसतात. खाकी, बदामी, मातकट उबदार बाजूचे; सिमेंटी, चंदेरी, काळ्याकडचा निळा थंड बाजूचे. तो काळपट निळा तसा चक्रावरचाच, पण कपड्यांत तो इतका गडद असतो की कुणाशीच भांडत नाही, म्हणून त्याला मी तटस्थांत बसवते.

"टोपीला नीळ जास्त झालीय," मावशी लगेच म्हणाली.

मी म्हटलं, तो फोटो ढगाळ दिवशीचा वाटतोय, जमिनीवर कुणाचीच सावली धारदार नाही, आणि ढगाळ उजेड पांढऱ्याला निळं करतो. त्यामुळे नीळ आहे की आभाळ आहे ते ठरवायला बाकीच्या टोप्या बघाव्या लागतील. मी बघितल्या. शेजारच्या दोन टोप्या मलईच्याच होत्या, त्याच उजेडात, त्याच हातभर अंतरात. म्हणजे नीळच.

"सांगितलं ना," ती म्हणाली. "सुनेने घातली असेल घाईत, निघायच्या दिवशी. नीळ पाण्यात नीट विरघळली नाही की अशीच बसते, एका बाजूला जास्त. बघ, डाव्या बाजूला जास्त आहे का?"

टोपीची डावी बाजू फोटोत शेजारच्याच्या पताकेआड गेली होती. मी तिला तसं सांगितलं, आणि मग ती मला विचारत राहिली की पताकेचा भगवा केशराकडचा आहे की गेरूकडचा, आणि त्याच्या मागे आभाळ कितपत काळं आहे.